पेढे आधी, सही नंतर

सीए फायनलचा निकाल लागला की दोनच दिवसांत चौकात फ्लेक्स झळकतो. फोटोखाली नाव आणि नावाआधी 'सीए'. आम्ही जुनी मंडळी अभिनंदनाचा फोन करतो तेव्हा हळूच विचारतो, "मेंबरशिपचा अर्ज केलास का रे?" कारण इन्स्टिट्यूटचं सभासदत्व मिळाल्यावरच नावाआधी 'सीए' लावता येतं. लोकांना दाखले द्यायचे तर प्रॅक्टिसचं प्रमाणपत्र आणखी वेगळं. फ्लेक्सवाल्याला हे कोण सांगणार!

फोनवर दुसरी गोष्ट सांगतो ती पहिल्या सहीची. ती बहुतेक वेळा ओळखीतूनच मागितली जाते. समजा, वडिलांच्या मित्राची मुलगी परदेशी शिकायला निघाली आहे आणि व्हिसासाठी काकांना नेटवर्थ सर्टिफिकेट हवं आहे. काका कागदावर लिहून आणतात : फ्लॅट 60 लाख, एफडी 8 लाख, सोनं 12 लाख, एकूण 80 लाख. "फक्त सही कर, बाळा."

आता कागद मागायचे. नोंदणी झालेल्या करारात फ्लॅटची किंमत 42 लाख निघते. 60 लाख हा शेजाऱ्यांचा अंदाज. बँकेच्या पत्रात गृहकर्जाचे 22 लाख बाकी आहेत. ते काकांच्या यादीत नव्हतेच. एफडीच्या पावत्या खऱ्या आहेत. सोन्याचं ना बिल, ना मूल्यांकन. म्हणजे 42 अधिक 8, वजा 22 : हातात 28 लाख. दाखल्यात हाच आकडा जातो, आणि फ्लॅट खरेदीच्या किमतीने धरला आहे हेही लिहावं लागतं. काकांना बाजारभावच हवा असेल तर त्यांनी मान्यताप्राप्त मूल्यांककाचा अहवाल आणावा, सोन्याचाही आणावा. मग त्या अहवालाचा उल्लेख करून आकडा वाढवता येतो.

काका नाराज होतात. होऊ द्यावं. कागद न पाहता केलेली सही उद्या तक्रार होऊन शिस्तपालन समितीपुढे गेली, तर तिथे "ओळखीचे होते" हे उत्तर चालत नाही. कागदांच्या प्रती फाइलला ठेवायच्या, ही सवय पहिल्या दाखल्यापासूनच लागली पाहिजे.

दाखल्यावर यूडीआयएन हा अठरा अक्षर-अंकांचा क्रमांकही हवा. 2019 पासून तो टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. पहिले दोन अंक वर्षाचे, पुढचे सहा सहीकर्त्याच्या सभासद क्रमांकाचे. हा क्रमांक आल्यापासून खोट्या शिक्क्यांचे दाखले पकडणं बरंच सोपं झालं, हे मात्र कबूल करावं लागेल.

तेव्हा वाचकहो, ओळखीतलं कुणी सीए झालं तर पेढे जरूर खा, पण त्याच भेटीत सही मागू नका. आणि तुमच्या हाती कुठला दाखला असेल, तर त्याचा क्रमांक udin.icai.org वर स्वतः तपासून घ्या.