अर्ध्या बाह्यांचा कुर्ता

लाजाहोमात नवरीच्या ओंजळीत लाह्या घालतो तो तिचा भाऊ. या भावाच्या दोन्ही हातांवर कोड आहे, म्हणून भर मे महिन्यातही तो घट्ट कफांचा, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायचा. मनगटाभोवती नवे डाग उठले, तेव्हा त्वचारोगतज्ज्ञांनी आधी ते कफच पाहिले. कोडात शरीराची प्रतिकारशक्ती त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवरच उलटते. आजार वाढता असेल, तर सतत घासल्या जाणाऱ्या जागी नवे डाग येऊ शकतात. लपवण्यानेच भर पडत होती! उपचार चालू होते, पण बोटांच्या टोकांवर रंग सहसा परतत नाही आणि लग्न तोंडावर आलं होतं.

"दादा, लाह्या तूच घालायच्यास," बहीण म्हणाली. त्याने अर्ध्या बाह्यांचा सैल सुती कुर्ता शिवून घेतला. मांडव उघड्यावर होता, म्हणून हातांना सनस्क्रीन लावलं. रंगद्रव्य नसलेली त्वचा उन्हात पटकन भाजते.

"हे दुसऱ्याला होतं का रे?" एका मावशीने विचारलंच.

"नाही मावशी, शिवल्याने पसरत नाही. कुष्ठरोगही नाही हा," त्याने सांगितलं आणि तो नवरदेवाचा कान पिळायला गेला.