टेबलावरचं पांढरं कडं

मेळघाटच्या सागवानाचं टेबल, त्यावर ताजं पॉलिश, आणि वरणाचं गरम पातेलं उचललं की खाली उमटलेलं पांढरं कडं. अमरावती-अकोल्याकडच्या कितीतरी घरांत हे दिसतं. जळलं असतं तर डाग काळा पडायला हवा होता. मग हा पांढरा रंग आला कुठून?

तिथे पांढरा पदार्थ काहीच नसतो. लाखेचं पॉलिश साधारण सत्तर अंशांना मऊ पडतं आणि पातेल्याचं बूड त्याहून बरंच तापलेलं असतं. पातेल्याखाली अडकलेली वाफ त्या मऊ थरात शिरते, थर गार होताना ती आत कोंडून राहते, आणि तिच्या सूक्ष्म पोकळ्यांवर प्रकाश विखुरतो. ढग पांढरा दिसतो तो अशाच विखुरण्यामुळे! म्हणून डाग पांढरा असेल तर लाकूड सुरक्षित आहे, इजा फक्त लेपाला झालेली आहे. काळा डाग मात्र पाणी लाकडापर्यंत पोचल्याची खूण.

तेलाच्या व्हार्निशचे रेणू वाळताना एकमेकांना जोडले जातात. त्यामुळे ते लाखेपेक्षा जास्त उष्णता सोसतं, पण रोजच्या गरम भांड्याने तेही पांढुरकं होऊ शकतं. दोन भागांच्या पीयूमध्ये बेस आणि हार्डनर यांची रासायनिक गाठ बसते. असं दाट जाळं तापलं तरी सहज ढिलं पडत नाही, वाफेलाही वाट मिळत नाही. मात्र सागाच्या अंगच्या तेलामुळे लेप नीट धरत नाही, म्हणून हात मारण्याआधी लाकूड थिनरने पुसून घ्यावं लागतं. आणि पीयू एकदा चिरलं, की तेवढाच तुकडा जोडला तर ठिगळ दिसतं. बहुतेक वेळा सगळा पृष्ठभाग घासावा लागतो.

जवसाच्या तेलाची गोष्टच न्यारी. ते उडून जाऊन वाळत नाही. हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं आणि घट्ट होतं, त्यात त्याचं वजन चक्क वाढतं! ते लाकडाच्या आत मुरतं, वर जाड थर उरत नाही, म्हणून कोंडलेल्या वाफेचं कडं उमटायला जागाच कमी. पण पाणी आणि हळदीचा रस्सा त्यातून लवकर आत जातो. पातळ हात द्यायचा, पंधरा-वीस मिनिटांनी उरलेलं तेल पुसायचं. डाग पडला तर तेवढीच जागा घासून पुन्हा तेल लावता येतं. तेलाची फडकी मात्र गोळा करून टाकू नका. ऑक्सिजन घेताना ती तापतात आणि आपोआप पेटू शकतात. उघड्यावर पसरून वाळवा.

भरीव सागवान असेल आणि वर्षातून एक-दोनदा तेल लावायची तयारी असेल, तर जवस घ्या. व्हिनिअरच्या टेबलाला, किंवा रोज जिथे कुकर उतरतो तिथे, दोन भागांचं पीयूच बरं. ते पुरतं पक्कं व्हायला साधारण आठवडा लागतो, तोवर गरम भांडं टेकवू नका. नंतरही त्याखाली चुंबळ ठेवाच.