लोणावळ्यात ‘पावसामुळे काम रखडलं’ हे कारण का चालत नाही? प्रगती अहवालातली तफावत, समजून घ्या

तुम्ही एखाद्या संस्थेला देणगी दिलीत आणि वर्षाअखेरीस अहवाल आला: ‘10 पैकी 7 बंधारे पूर्ण, पावसामुळे काम रखडले.’ तुमचं समाधान होईल?

प्रश्न का पडतो?

लोणावळ्यात वर्षाला साधारण 4 हजार मिलिमीटर पाऊस पडतो. हे संस्थेला आधीच माहीत असतं. त्यामुळे नेहमीचा पाऊस ही तफावत नसते, ती नियोजनातली चूक असते. ठरवताना जे गृहीत धरलं होतं, त्यात नेमकं काय बदललं, हे अहवालाने सांगायला हवं.

उदाहरण पाहू

समजा, मावळातल्या एका गावात ओढ्यावर 10 वनराई बंधारे घालायचे ठरले. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून, त्या रचून हे बंधारे श्रमदानातून उभे राहतात. साहित्य आणि वाहतुकीचा खर्च दीड लाख, मुदत 15 नोव्हेंबर. झाले 7, खर्च 1 लाख 5 हजार.

चांगला अहवाल असं लिहील: ‘ऑक्टोबरअखेरपर्यंत परतीचा पाऊस लांबला, त्यामुळे भातकापणी पुढे गेली. श्रमदानाच्या आठवड्यांत माणसं खाचरात होती. उरलेले 3 बंधारे जानेवारीत घालता आले असते, पण तोवर ओढ्याची धार बारीक होते, अडवायला पाणीच उरत नाही. म्हणून ते पुढच्या ऑक्टोबरसाठी राखले. 45 हजार शिल्लक आहेत.’

यात कारण, निर्णय आणि पैशांचा हिशेब, तिन्ही आलं.

बंधारे झाले, पण पाणी?

बंधाऱ्यांची संख्या म्हणजे फक्त झालेलं काम. परिणाम कळतो विहिरीच्या पातळीवरून. मार्चअखेरपर्यंत पाणी टिकेल असं ठरवलं होतं आणि ते मार्चच्या मध्यालाच आटलं, तर तेही लिहावं लागतं. त्यासाठी काम सुरू होण्याआधीची नोंद हवी. ती नसेल, तर ‘पाणी वाढलं’ या वाक्याला आधार नाही.

45 हजारांचं काय?

देणगीदार सीएसआर निधी देणारी कंपनी असेल, तर हा प्रश्न कायद्याचा होतो. संस्थेला पैसे दिले म्हणजे ते खर्च झाले, असं धरलं जात नाही. संस्थेने ते वापरावे लागतात. प्रकल्प एकाहून अधिक वर्षं चालणारा म्हणून मंजूर असेल, तर न वापरलेली रक्कम आर्थिक वर्ष संपल्यापासून 30 दिवसांत वेगळ्या बँक खात्यात ठेवून पुढच्या 3 आर्थिक वर्षांत खर्च करता येते. तसा नसेल, तर ती 6 महिन्यांत सरकारने ठरवलेल्या निधीत जमा करावी लागते. म्हणून शिल्लक मार्चआधी कळवणं महत्त्वाचं.

गडबड कशी ओळखाल?

अहवालातला ‘नियोजन’ रकाना मूळ प्रस्तावाशी ताडून पाहा. प्रस्तावात 10 आणि अहवालात ‘नियोजन 7, पूर्ण 7’ असेल, तर तफावत समजावलेली नाही, पुसलेली आहे.