ब्लूटूथ जोडलेलं आहे, फोनही लागतो. मग गाडीत गाणं का वाजत नाही?

भुकूमहून पिरंगुट, पौडमार्गे ताम्हिणीकडे निघालेल्या गाडीत हमखास होणारी गोष्ट. कोणाचा फोन आला तर आवाज गाडीच्या स्पीकरमधून येतो, पण गाणं लावलं की ते मोबाईलमध्येच वाजत राहतं. ब्लूटूथ बिघडलं असा समज होतो, पण तसं नसतं. फोन कॉल आणि गाणी ब्लूटूथवरून दोन वेगळ्या वाटांनी जातात. कॉलची वाट चालू आणि गाण्यांची बंद, असं सहज होऊ शकतं.

गाडी बाजूला थांबवून आधी स्टिरिओ पाहा. तो एफएम किंवा यूएसबीवर असेल, तर ब्लूटूथ ऑडिओ निवडा. तरीही आवाज नसेल तर अँड्रॉइड फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये गाडीच्या नावाशेजारचं चक्र दाबा. तिथे Media audio बंद दिसेल, ते चालू करा. काही फोनवर त्याला नुसतं Audio म्हणतात. आयफोनवर हे बटण नसतं. गाणं वाजत असताना आवाज कुठे पाठवायचा, तिथे गाडीचं नाव निवडावं लागतं.

एवढं करूनही जमलं नाही तर जोडणी पुसून नव्याने करा, पण दोन्हीकडून. बहुतेक जण फक्त फोनमधून गाडी काढतात. स्टिरिओच्या यादीत जुनी नोंद तशीच राहते आणि पुन्हा जोडताना घोळ होतो.

घाटात गाणं मध्येच थांबलं तर मात्र ब्लूटूथला दोष देऊ नका. फोनमध्ये आधीच डाउनलोड केलेलं गाणं लावून पाहा. ते नीट वाजलं, तर अडचण नेटवर्कची आहे.

जुन्या गाडीत ब्लूटूथच नसेल तर ऑक्स केबल उत्तम. फोनचा आवाज जवळपास पूर्ण ठेवा आणि कमी-जास्त गाडीच्या बटणाने करा; उलट केलं तर खरखर वाढते. चार्जर लावताच कुईं असा आवाज येतो आणि ॲक्सिलरेटरबरोबर तो चढतो? चार्जर काढून बघा. आवाज थांबला तर केबल फेकू नका. चार्जर आणि स्टिरिओ दोन्ही गाडीच्याच वायरिंगवर असल्याने तो आवाज ऑक्समध्ये शिरतो. फोन पॉवर बँकेवर चार्ज केला की सुटका होते. कायमचा उपाय हवा असेल तर मधे लावायचा ग्राउंड लूप आयसोलेटर मिळतो.

यूएसबीची भानगड बहुधा केबलची असते. काही स्वस्त केबलींमध्ये फक्त चार्जिंगच्या तारा असतात, त्यातून गाणं जाणारच नाही. केबल चांगली असेल तर फोन जोडल्यावर येणाऱ्या सूचनेत File transfer निवडा. तरीही स्टिरिओने फोन ओळखला नाही, तर पेन ड्राइव्ह FAT32 मध्ये फॉरमॅट करून त्यात एमपीथ्री गाणी भरा. फॉरमॅट करताना आधीचं सगळं पुसलं जातं, तेवढं लक्षात ठेवा.