मन्नतीचा रोजा आणि साखरेची गोळी

रमजानचे शेवटचे दहा दिवस सुरू झाले की मन्नतीच्या रोजांचा विषय घराघरांत निघतो. मुलाला नोकरी लागली तर तीन रोजे धरीन, असं कुणी बोलून बसलेलं असतं. इच्छा पूर्ण झाली की तो रोजा वाजिब होतो. रमजानमध्ये मात्र तो उरकता येत नाही, कारण या महिन्यात धरलेला रोजा रमजानचाच. त्यामुळे तो ईदनंतर येतो, आणि तेव्हा घरात सोबतीला रोजेदार कुणी नसतं. साखर किंवा पित्ताचा त्रास असलेल्यांसाठी ही गोष्ट लहान नाही.

आमच्या शेजारच्या चाचींचंच उदाहरण घेऊ. वय अठ्ठावन्न, नऊ वर्षांपासून मधुमेह. सकाळी नाश्त्याआधी ग्लिमेपिराइड दोन मिलिग्रॅम आणि मेटफॉर्मिनची एकत्र गोळी, रात्री साधी मेटफॉर्मिन. शिवाय जुनं पित्त. मन्नत तीन रोजांची. त्यांनी दिवस ठरवले नव्हते, सलग धरीन असंही म्हटलं नव्हतं. ही मोठीच सवलत. मे महिन्यात आपल्याकडे रोजा साडेचौदा तासांच्या घरात जातो, डिसेंबरात सव्वाबारापर्यंत उतरतो. चाचींनी डिसेंबर निवडला, आणि दोन रोजांमध्ये आठवडा ठेवला.

खरा प्रश्न त्या सकाळच्या गोळीचा होता. मेटफॉर्मिन एकटी साखर सहसा धोकादायक पातळीपर्यंत खाली नेत नाही. ग्लिमेपिराइडचं तसं नाही. पोटात अन्न असो वा नसो, ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. सहेरीला ती घेतली की दिवसभर अन्न नाही आणि इन्सुलिन मात्र सुटत राहतं. दुपारनंतर, असरच्या सुमारास, साखर घसरते. म्हणून डॉक्टरांनी अदलाबदल केली. एकत्र गोळी इफ्तारला, साधी मेटफॉर्मिन सहेरीला. ही अदलाबदल आपल्या मनाने करायची नसते, कारण प्रत्येकाची गोळी आणि मूत्रपिंडाची स्थिती वेगळी. इन्सुलिनवर असलेल्यांचा, मूत्रपिंड बिघडलेल्यांचा, अलीकडे साखर एकदम उतरून बेशुद्ध झालेल्यांचा हिशोब तर आणखी निराळा. त्यांना बहुतेकदा रोजा धरू नका असंच सांगितलं जातं.

पित्ताची गोळी चाची सहेरीसाठी उठल्या उठल्या घेत, आणि अर्ध्या तासाने जेवत. ज्वारीची भाकरी, डाळ, एक अंडं, वाटीभर दही. चहा नाही. खाऊन लगेच आडवं व्हायचं नाही. फजरनंतर थोडं बसून मगच. सहेरी करून लगेच झोपलं की आम्ल वर येतं आणि दिवसभर छाती जळते. इफ्तारला एक-दोन खजूर आणि पाणी, मगरिबनंतर जेवण. भजी आणि गोड सरबत बंद. पाणी इफ्तार ते सहेरी सात-आठ ग्लास, पण थोडं थोडं. सहेरीला एकदम तांब्या रिकामा केला तर ते लघवीवाटे निघून जातं.

पहिला रोजा नीट गेला. दुसऱ्या वेळी चाचींना सहेरीला जाग आली नाही. तरी रोजा धरला, वर दुपारी गोधड्या धुवायला काढल्या. चारच्या सुमारास घाम, हात थरथरलेले, जीव घाबरा. त्यांना वाटलं पित्तच. पित्तातही घाबरं होतंच की! फरक एवढाच, की पित्तात छाती-घशात जळजळ आणि आंबट ढेकर असतात. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी हे साखर उतरल्याचं लक्षण. पण अंदाजावर राहू नये. बोट टोचून साखर पाहिल्याने रोजा मोडत नाही, असं बहुसंख्य उलेमा सांगतात. सुनेने यंत्र लावलं. आकडा ६६.

सत्तरच्या खाली आकडा आला की रोजा त्याच क्षणी सोडायचा, मग इफ्तारला दहा मिनिटं उरलेली का असेनात. तीनशेच्या वर गेला तरीही सोडायचा. चाचींना तीन चमचे साखर पाण्यात घोळून दिली, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहिलं. ९२. मग भाकरी-डाळ, कारण नुसत्या साखरेचा आधार लवकर ओसरतो.

त्या रात्री त्यांना डोळा लागेना. अल्लाहला दिलेला शब्द मोडला, हीच टोचणी. आमच्या मोहल्ल्यातले मौलाना म्हणाले, कुरआनच्या सूरह बकरामध्येच आजाऱ्याला दुसऱ्या दिवसांची मुभा आहे. तुमचा एक रोजा कजा राहिला, तेवढा नंतर धरा, गुनाह नाही. ज्याच्या आजाराला उतारच नाही त्याच्यासाठी फिदियाची वाट आहे, पण ती घेण्याआधी आलिमांना विचारावं.

डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड रोजाच्या दिवसांसाठी एक मिलिग्रॅमवर आणली. सहेरी चुकली तर त्या दिवशी रोजाच धरायचा नाही, असं बजावलं. आता चाची दुपारी बारा आणि चारला बोट टोचतात, आणि गोधड्या रोजा नसेल त्या दिवशी धुतात. जानेवारीत राहिलेला रोजा आणि कजाचा रोजा, दोन्ही झाले. शेवटच्या दिवशी चारचा आकडा होता ११८.