डिस्चार्ज कार्डाचा फोटो उतरवून घेताना

न्यूमोनियातून बऱ्या झालेल्या आजोबांचे डिस्चार्ज कार्ड फोटोवरून उतरवायचे आहे, असे समजा. कार्डावर सेफ्ट्रिॲक्सोनचे इंजेक्शन दिसते, पण ते रुग्णालयात दिलेल्या उपचारांत. घरच्या औषधांत ते चुकूनही जाऊ नये, म्हणून ‘डिस्चार्जच्या वेळची औषधे’ हा भाग आधी शोधावा. मग असे लिहावे:

निदान: उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागात न्यूमोनिया

घरी घ्यायची औषधे: अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड ६२५ मिग्रॅ, १-०-१, ५ दिवस, पॅरासिटामॉल ६५० मिग्रॅ, एसओएस

पुढील सल्ला: ७ दिवसांनी तपासणी, धाप वाढल्यास ताबडतोब यावे

१-०-१ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. एसओएस म्हणजे गरज पडली तरच. मूळ खूण तशीच ठेवून अर्थ शेजारी लिहिला, की पडताळता येते.

खरा धोका आकड्यांत असतो. फोटोत ०.५ मधला ठिपका हरवला, तर मात्रा दहापट वाचली जाते. कागदाच्या घडीवर आलेला आकडा अंदाजाने भरू नये. तिथे ‘वाचता येत नाही’ असेच लिहावे आणि मूळ कार्ड पाहून किंवा वॉर्डात फोन करून तो विचारून घ्यावा.