एक पाऊस, तीन वह्या

नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारमध्ये पीक काय घ्यायचं, हा ग्रामसभेचा विषय असतो. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली या दुष्काळी गावाने पाण्याचा ताळेबंद मांडायची सवय लावून घेतली. किती पाऊस पडला आणि विहिरींना किती पाणी आलं हे मोजायचं, मगच पिकं ठरवायची. शेतीसाठी बोअर नको आणि उसासारखं तहानलेलं पीकही नको, हे नियमही गावाने केले.

शाळा-कॉलेजच्या प्रकल्पासाठी अहिल्यानगर जिल्ह्यात याहून जवळचा विषय सापडणं अवघड. पण चौथी, नववी आणि पदवीच्या प्रकल्पवह्या शेजारी ठेवल्या तर बरेचदा तिन्हींत जलचक्राची तीच आकृती दिसते, फक्त पानं वाढलेली असतात. वयानुसार बदलायला हवा तो प्रश्न. प्रश्न बदलला की पद्धत आणि साधनंही बदलतात.

प्राथमिक वर्गाचा प्रश्न एवढाच: आज किती पाऊस पडला? त्याला सरळ उभ्या बाजूंची प्लॅस्टिकची बाटली पुरते. वरचा निमुळता भाग कापून तो उलटा बसवला की नरसाळं तयार होतं. बाटलीचा तळ खोलगट असतो. म्हणून आत खडे टाकून ते बुडेपर्यंत पाणी ओतायचं आणि त्या पातळीला शून्याची खूण करून वर मोजपट्टी चिकटवायची. बाटली झाडापासून आणि भिंतीपासून दूर, मोकळ्यावर ठेवायची. रोज सकाळी साडेआठला आकडा वाचायचा, पाणी पुन्हा शून्यावर आणायचं आणि चौकटीच्या वहीत एका मिलिमीटरला एक चौकट रंगवायची.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे दुसरंच रुंद नरसाळं लावणं. त्याचा व्यास बाटलीच्या दुप्पट असेल तर पाऊस चौपट दिसतो. दुसरी चूक रविवारची. सोमवारी वाचलेला आकडा दोन दिवसांचा असतो, तशी नोंद हवी. मुलांना सरासरी काढायला लावू नये. रोज न चुकता वाचणं हाच त्यांचा प्रकल्प.

माध्यमिक वर्ग याच आकड्यापासून पुढे जातो: त्या पावसाचं पाणी झालं किती? समजा, वहीत 20 मिलिमीटर आहेत. शाळेचं छप्पर 10 मीटर लांब आणि 8 मीटर रुंद, म्हणजे 80 चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर, तेव्हा छपरावर 1600 लिटर पडले. उतरता पत्रा असेल तर पत्र्याची लांबी घ्यायची नाही, त्याने जमिनीवर झाकलेली जागा मोजायची. पन्हाळीखालच्या पिंपात मात्र 1600 लिटर येत नाहीत. काही पाणी उडतं, काही गळतं. हिशेब आणि पिंप यांतला फरक शोधणं, हाच नववीचा खरा अभ्यास. मग छपरावरून गावाकडे जायचं. हिवरे बाजारचं क्षेत्र सुमारे 976 हेक्टर. त्यावर तेच 20 मिलिमीटर पडले, तर साडेएकोणीस कोटी लिटर होतात.

यातलं जमिनीत मुरलं किती?

हा प्रश्न कॉलेजचा. त्यासाठी विहिरी निवडून पावसाळ्याआधी आणि नंतर पाण्याची खोली मोजायची. मोटार सुरू होण्यापूर्वी, पहाटे, कठड्यावर रंगाने केलेल्या एकाच खुणेपासून टेप सोडायचा. मोटार नुकतीच बंद झाली असेल तर पातळी खोल दिसते. अर्ध्या तासाने पुन्हा मोजल्यावर ती वर आलेली आढळली, तर तो आकडा टाकून द्यायचा.

पातळी पाच मीटर वाढली, तर एका हेक्टरखाली पाच मीटर जाडीचं पाणी साठलं असं नव्हे. खाली काळा पाषाण आहे, पाणी मावतं ते त्याच्या भेगांत आणि झिजलेल्या थरांत. अशा खडकातून हाती लागणारं पाणी साधारण एक ते तीन टक्के धरतात. दोन टक्क्यांनी हिशेब केला तर 10,000 चौरस मीटर गुणिले 5 मीटर गुणिले 0.02, म्हणजे 1000 घनमीटर, दहा लाख लिटर. एक टक्का धरला तर पाच लाख, तीन धरले तर पंधरा लाख. विद्यार्थ्याने एकच आकडा ठासून सांगण्याऐवजी हा पल्ला मांडावा आणि तो एवढा रुंद का, हे लिहावं. शिवाय पावसाळ्यात उपसलेलं पाणी पातळीत दिसत नाही, ते मोटारीच्या तासांवरून वेगळं जोडावं लागतं. स्प्रेडशीट आणि क्यूजीआयएससारखा नकाशाचा प्रोग्राम इथे उपयोगी पडतो: विहिरी नकाशावर मांडल्या की नाल्यावरच्या बंधाऱ्याजवळची पातळी आणि माथ्यावरची पातळी वेगळी वाढली का, ते दिसतं.

पावसाचा आकडा मात्र कॉलेजलाही लागतोच. तालुक्याच्या ठिकाणी 20 मिलिमीटर नोंदले, म्हणून डोंगरापलीकडच्या वाडीवरही तेवढाच पडला असं नसतं. त्या वाडीच्या शाळेत चौथीच्या मुलांनी जूनपासून चौकटी रंगवलेली वही असेल, तर पदवीच्या विद्यार्थ्याने आधी ती बाटली कुठे ठेवली होती ते पाहावं, सोमवारचे आकडे तपासावेत आणि मग ती वही आपल्या तक्त्यात उतरवून घ्यावी.